दिवसाआड बंद पडणारं नेट: मोबाइल प्लॅनमधल्या शब्दांची उकल

आमच्या गावातल्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळा गाव अजून 'बाई' म्हणतो, एकदा माझ्या रिचार्जच्या दुकानात आल्या आणि काउंटरवर फोन ठेवून म्हणाल्या, "तू मला फसवलंस. पैसे पूर्ण महिन्याचे घेतलेस आणि नेट चालतं एक दिवसाआड." मुलाने पुण्याहून पाठवलेला त्यांचा हा पहिलाच स्मार्टफोन. मी दुसरीत त्यांच्या हाताखाली होतो, त्यामुळे उलट उत्तर देण्याचा प्रश्न नव्हता. पण तक्रार विचित्र होती. नेट बिघडलं तर रोज बिघडतं, एक दिवस चांगलं आणि एक दिवस बंद असं सहसा होत नाही. हे कोडं सोडवताना बाईंना प्लॅनमधले सगळे शब्द समजावून सांगावे लागले. तेच इथे लिहितोय. तुमच्या हातात पहिला स्मार्टफोन असेल तर फोन शेजारी ठेवून वाचा.

बाईंच्या प्लॅनची ओळ अशी होती:

1.5 GB/Day, Unlimited Calls, 100 SMS/Day, Validity 28 Days

ही एक ओळ दिसते, पण यात तीन वेगळे हिशेब आहेत. बोलण्याचा एक, नेटचा एक आणि दिवसांचा एक. प्रत्येक हिशेब आपापल्या वेळी संपतो. नेट संपलं म्हणून बोलणं बंद पडत नाही. दिवस संपले की मात्र बाकी दोन्ही बंद होतात.

दिवसांपासून सुरुवात करू, कारण ते सोपं आहे. व्हॅलिडिटी म्हणजे मुदत. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास तुम्ही कधी काढला असेल. तो चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा असतो. त्या दिवसांत तुम्ही दहा गावं फिरा नाहीतर घरी पडून राहा, मुदत संपली की पास संपला. मोबाइलची मुदत अगदी तशीच. फोन कपाटात ठेवला म्हणून दिवस वाढत नाहीत.

गंमत त्या 28 आकड्यात आहे. लोक त्याला महिना म्हणतात, पण तो महिना नाही, चार आठवडे आहेत. म्हणून रिचार्जची तारीख दर महिन्याला दोन-तीन दिवस अलीकडे सरकते आणि वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज करावे लागतात. पेन्शन एक तारखेला येते आणि रिचार्ज कधी 28ला, कधी 25ला संपतो, यातच पुष्कळ ज्येष्ठांचा गोंधळ होतो. दूरसंचार नियामक म्हणजे ट्रायने 2022मध्ये कंपन्यांना सांगितलं, की 30 दिवसांचा निदान एक प्लॅन आणि दर महिन्याला त्याच तारखेला रिचार्ज करता येईल असा एक प्लॅन ठेवलाच पाहिजे. हे प्लॅन असतात, पण दुकानदार ते आपणहून दाखवतीलच असं नाही. "एकाच तारखेला येणारा मंथली प्लॅन आहे का?" असं स्पष्ट विचारा. वारंवार येणं नको असेल तर 84 दिवसांचा किंवा वर्षाचा प्लॅन बघा.

मुदत संपली की आधी तुमच्याकडून जाणारे फोन बंद होतात, काही दिवसांनी येणारेही. बँकेचा ओटीपी याच नंबरवर येतो, म्हणून रिचार्ज लांबवू नका. सलग 90 दिवस नंबर अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. ज्यांच्या घरी वाय-फाय आहे किंवा ज्यांना नेट लागतच नाही, त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले प्लॅनही 2025पासून मिळू लागले आहेत. हे मी माझ्याच धंद्याच्या विरुद्ध सांगतोय, पण साधा फोन वापरणाऱ्या आजोबांना रोजच्या दीड जीबीचं काय करायचं असतं?

आता बोलण्याचा हिशेब. Unlimited Calls म्हणजे भारतात कुठेही साधा फोन लावून हवं तितकं बोला. परदेशातला नंबर यात येत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून केलेला फोन हा या हिशेबातला नाही. तो नेटवरून जातो, म्हणून नेटच्या खात्यातून कापला जातो. बाईंचा मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवरूनच फोन करायचा. नेट बंद असलं की तो लागायचा नाही आणि बाई म्हणायच्या, "माझा फोनच बंद पडला." फोन चालू होता. हिरवं रिसीव्हरचं चित्र दाबून साधा फोन लावला असता तर लगेच लागला असता.

राहिला नेटचा हिशेब. त्यात कोडं दडलेलं होतं.

नेटवरून जे काही फोनमध्ये येतं किंवा फोनमधून जातं, त्याला डेटा म्हणतात. फोटो, आवाज, व्हिडिओ, सगळा डेटाच. तो मोजायचं माप म्हणजे एमबी आणि जीबी. पावशेर आणि शेर असतात तसं समजा, फक्त साधारण हजार एमबींचा एक जीबी होतो. बाईंच्या प्लॅनमध्ये दिवसाला दीड जीबी, म्हणजे ढोबळमानाने 1500 एमबी. या मर्यादेलाच डेटा कॅप म्हणतात. गच्चीवरची टाकी रात्री बाराला आपोआप भरते असं समजा. टाकी 1500ची. संपली तर त्या दिवसापुरती संपली आणि उरली तर उरलेलं दुसऱ्या दिवसाच्या टाकीत जमा होत नाही. काही पोस्टपेड, म्हणजे आधी वापरून मग बिल भरायच्या प्लॅनमध्ये उरलेला डेटा पुढे नेता येतो, पण आधी पैसे भरायच्या, रोजच्या मर्यादेच्या प्रीपेडमध्ये सहसा नाही.

इथे एक अक्षर फार महाग पडतं. 2 GB/Day आणि नुसतं 2 GB यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात रोज दोन जीबी, दुसऱ्यात पूर्ण मुदतीत मिळून दोनच. स्वस्त दिसणाऱ्या प्लॅनमध्ये बहुतेक दुसरा प्रकार असतो. एका काकांनी फोनवरून स्वतःच असा प्लॅन घेतला आणि नातवाने दुपारभर क्रिकेटची मॅच पाहून मुदतीचा सगळा डेटा संपवला. पैसे देण्याआधी Day हा शब्द आहे की नाही, तेवढं पाहा.

टाकी संपली की नेट पूर्ण तुटत नाही, नळाला बारीक धार राहते. प्लॅनच्या खाली बारीक अक्षरात 64 Kbps असं लिहिलेलं असतं, ती ही धार. या वेगाने नुसता मजकूर असलेला निरोप जातो, पण पाच एमबीचा एक फोटो यायला दहा मिनिटं लागतात आणि व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो. नेट बिघडलंय की मर्यादा संपलीय, हे ओळखायची खूण हीच. व्हॉट्सअ‍ॅपवर 'नमस्कार' लिहून पाठवा. तो गेला पण व्हिडिओ चालत नसेल, तर बहुधा डेटा संपलाय. नमस्कारही गेला नाही तर आधी नेटचं बटण चालू आहे का पाहा, मग रेंज. शिवाय डेटा निम्मा संपला, संपत आला, संपला असे एसएमएस कंपनीकडून येतात. ते जाहिरातींच्या गर्दीत हरवतात, पण असतात.

बाईंच्या फोनमध्ये असे एसएमएस मी शोधले आणि तिथे धागा सापडला. 'तुमचा 50 टक्के डेटा संपला' हा निरोप एका दिवशी रात्री अकराच्या सुमारास आला होता आणि दुसऱ्या दिवशी पहाटे एकच्या सुमारास. मग पुन्हा रात्री अकराला, पुन्हा पहाटे.

"बाई, तुम्ही पहाटे एकला काय पाहता?"

"मी? मी दहाला आडवी होते. भजन लावते आणि झोपते."

हेच ते. आता इथे स्ट्रीमिंग हा शब्द समजून घेऊ. पूर्वी आपण भजनाची कॅसेट विकत आणायचो. एकदा आणली की शंभर वेळा ऐका, नवा खर्च नाही. यूट्यूबवर तसं नसतं. भजन दूर कुठेतरी साठवलेलं असतं आणि तुम्ही पाहत असता तेव्हा ते थोडं थोडं तुमच्या फोनमध्ये वाहत येतं. पाहून झालं की फोनमध्ये काही राहत नाही. उद्या तेच भजन लावलं तर ते पुन्हा पहिल्यापासून वाहत येणार आणि पुन्हा तेवढाच डेटा जाणार. या वाहत येण्याला स्ट्रीमिंग म्हणतात. कॅसेटसारखं एकदाच उतरवून ठेवणं म्हणजे डाउनलोड. आणि तुम्ही डोळे मिटले आहेत, हे त्या प्रवाहाला कळत नाही. व्हिडिओ चालू आहे तोवर फोनचा पडदाही सहसा आपणहून विझत नाही.

बाई लावायच्या ते रात्रीच्या जागराचं रेकॉर्डिंग होतं, साडेतीन तासांचं. फोनमधला हिशेब पाहिला तर त्या चित्राला तासाला साधारण 700 एमबी जात होते. आता मांडून पाहा.

पहिल्या दिवशी टाकी भरलेली. दिवसभरात व्हॉट्सअ‍ॅप, बातम्या, मुलाशी व्हिडिओवर बोलणं मिळून 300 एमबी गेले. रात्री साडेदहाला जागर लावला. बारापर्यंतच्या दीड तासात 1050 एमबी. एकूण 1350, म्हणजे मर्यादेच्या आत. बाराच्या ठोक्याला नवी टाकी भरली आणि भजन पुढे चालूच राहिलं. बारा ते दोन, आणखी 1400 एमबी. बाई गाढ झोपेत. सकाळी उठल्या तेव्हा दुसऱ्या दिवसाच्या टाकीत 100 एमबी उरलेले. ते सुप्रभातच्या फुलांच्या फोटोंत आणि दोन-चार व्हिडिओंत नऊ वाजेपर्यंत संपले. दिवसभर नेट नाही. रात्री भजन लावायला गेल्या तर चालेना, म्हणून नुसत्याच झोपल्या. त्यामुळे तिसऱ्या दिवशी टाकी जशीच्या तशी भरलेली, नेट उत्तम, आणि रात्री पुन्हा जागर. झालं दिवसाआड.

बाईंनी हा हिशेब वहीत स्वतः मांडला, दोनदा तपासला आणि मग मला फसवल्याच्या आरोपातून मोकळं केलं.

उपाय तीन केले. तुम्हीही याच क्रमाने करा.

पहिला, चित्राचा दर्जा कमी करणं. व्हिडिओ जितका रेखीव, तितका डेटा जास्त. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना पडद्यावर एकदा बोट टेकवा, वर कोपऱ्यात दातेरी चाकाचं चित्र दिसेल. ते दाबून Quality निवडा. हे फक्त त्या एका व्हिडिओपुरतं होतं. कायमचं करायचं तर यूट्यूबमध्ये आपल्या गोल फोटोवर जा, Settings उघडा, Video quality preferences मध्ये On mobile networks खाली Data saver निवडा. दर्जाचे आकडे 144p, 360p, 720p असे असतात. ढोबळ अंदाज सांगतो: 144p ला तासाला शंभरेक एमबी, 360p ला तीनशेच्या आसपास आणि 720p ला व्हिडिओनुसार सातशेपासून पार दीड हजारापर्यंत. फोनच्या छोट्या पडद्यावर 360p पुरतं. भजन नुसतं ऐकायचं असेल तर 144p सुद्धा चालेल, कारण बुवांचा चेहरा धूसर झाला तरी गाणं नीट ऐकू येतं.

दुसरा, झोपेचं घड्याळ. त्याच दातेरी चाकात Sleep timer असतो. तिथे 30 minutes निवडलं की अर्ध्या तासाने भजन आपोआप थांबतं. बाईंना तो इतका आवडला, की तो त्या आता दुपारच्या झोपेलाही लावतात. मंदिराचं थेट दर्शन लावून झोपणाऱ्यांनी हा लावाच, कारण रेकॉर्डिंग कधीतरी संपतं, थेट दर्शन चालूच राहतं.

तिसरा, व्हॉट्सअ‍ॅपचं आपोआप उतरवणं बंद करणं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये वरच्या तीन ठिपक्यांतून Settings, मग Storage and data, मग When using mobile data. तिथल्या सगळ्या खुणा काढून टाका. आता कोणी फोटो पाठवला तर तो धूसर दिसेल आणि तुम्ही बोट टेकवल्यावरच उतरेल. नातीचा फोटो उघडा, बाकीची कमळं आणि सूर्योदय तसेच राहू द्या. फोनमध्ये जागाही कमी भरते.

कोणतं अ‍ॅप डेटा खातंय हे पाहायचं तर फोनच्या Settings मध्ये वर शोधायच्या चौकटीत data usage असं लिहा. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये वाट वेगळी असते, पण शोधलं की ते पान सापडतं. तिथे अ‍ॅपची नावं आणि समोर एमबी दिसतात. सगळ्यात वर असेल तो तुमचा खादाड. बाईंच्या फोनमध्ये यूट्यूब इतकं वर होतं, की खालचं काही पाहायची गरजच पडली नाही.

काही प्लॅनमध्ये सिनेमांचं किंवा मॅचचं एखादं अ‍ॅप फुकट मिळतं. फुकट असतं ते त्या अ‍ॅपचं वर्गणीचं भाडं. पाहताना वाहणारा डेटा तुमच्याच टाकीतून जातो. आणि एखाद्या दिवशी मर्यादा संपली, पण गरज आहे, तर वरून जादा डेटाचं छोटं रिचार्ज मिळतं. त्यालाही स्वतःची मुदत असते, कधी फक्त त्याच दिवसाची. रात्री अकराला एक दिवसाचं घेतलंत तर तासाभरात पाणी सोडावं लागेल.

घरी वाय-फाय असेल तर त्याचा डेटा या टाकीतून जात नाही. वरच्या पट्टीवर पंख्यासारखं चिन्ह दिसलं म्हणजे वाय-फाय चालू आहे.

शेवटचा शब्द रोमिंग. हा बाईंना तीन महिन्यांनी लागला, त्या बेळगावला मुलीकडे गेल्या तेव्हा.

मोबाइल कंपन्यांनी देशाचे विभाग पाडले आहेत, त्यांना सर्कल म्हणतात. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, मुंबईचं वेगळं, कर्नाटकचं वेगळं. तुमचं सिम ज्या सर्कलचं, त्याच्या बाहेर गेलात की तुम्ही रोमिंगमध्ये. कोल्हापूर सोडून बस निपाणीकडे निघाली की काही फोनवर रेंजच्या दांड्यांपाशी R हे अक्षर उगवतं. पूर्वी त्या R ची धास्ती असायची, येणाऱ्या फोनलाही पैसे कापले जायचे. आता रोजच्या मर्यादेचे जे प्लॅन आपण घेतो, त्यांत भारतभर रोमिंगचा वेगळा खर्च नसतो. R दिसलं तरी निवांत बोला.

तरी बेळगावात बाईंचं नेट चालेना. कारण साधं होतं. फोनमध्ये डेटा रोमिंगचं बटण बंद होतं. Settings मध्ये roaming शोधा, Data roaming किंवा नुसतं Roaming असं बटण दिसेल, ते चालू करा. भारतात फिरताना हे चालू असायला हरकत नाही.

देशाबाहेर जाताना मात्र नेमकं उलटं करायचं. परदेशात तुमचा 1.5 जीबीवाला प्लॅन लागू होत नाही. तिथे वेगळा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक घ्यावा लागतो आणि तो न घेता डेटा चालू राहिला, तर थोड्या वेळात मोठी रक्कम जाऊ शकते. प्रीपेडमध्ये बाकी रक्कम संपली की थांबतं तरी, पोस्टपेडमध्ये बिल घरी येतं. येणारा फोन उचलल्याचेही तिथे पैसे पडतात.

मुलाकडे अमेरिकेला किंवा दुबईला जाणार असाल तर असं करा. निघण्याआधी चार-पाच दिवस दुकानात किंवा कंपनीच्या केंद्रात जाऊन विचारा, की नुसते बँकेचे एसएमएस येत राहावेत म्हणून काय घ्यावं लागेल. ते देशानुसार बदलतं. भारतातली मुदत मध्येच संपणार नाही ना, तेही बघा, कारण तिकडे सहा महिने राहायचं आणि इकडे 28 दिवसांचं रिचार्ज असा घोळ फार होतो. विमानात बसल्यावर Data roaming बंद करा आणि Mobile data सुद्धा. उतरल्यावर मुलाच्या घरचं वाय-फाय जोडा, व्हॉट्सअ‍ॅप त्याच्यावर भारतातल्यासारखंच चालतं. नंबर बदलायची गरज नाही. दुबईत मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलायला तिथल्या नियमांमुळे अडचण येते, तेव्हा निरोप लिहून किंवा आवाज रेकॉर्ड करून पाठवा.

परत आल्यावर Mobile data चालू करायला लोक विसरतात आणि थेट माझ्याकडे येतात, नेट बिघडलं म्हणून. मी ते बटण दाबून देतो. त्याचे पैसे घेत नाही.